शंभर रुपयांची तक्रार आणि एकोणीसशे पाचची गफलत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा, नाहीतर आकडे तेवढे ठेवा बाकीचं कापलं तरी चालेल.

मी सोलापूरच्या एका सूतगिरणीत हिशेब खात्यात होतो, आता रिटायर. आमच्या गल्लीतली पोरं पगाराची स्लिप घेऊन माझ्याकडं येतात, कारण हल्ली स्लिप व्हॉट्सॅपवर पीडीएफ म्हणून येते आणि कुणी ती उघडून बघतच नाही, बँकेचा मेसेज आला की झालं. तर मार्चच्या पहिल्या आठवड्यात माझा पुतण्या आला. अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात ऑगस्टपासून पॅकिंगला आहे. म्हणाला, "काका, या महिन्यात शंभर रुपये कमी आलेत ओ, जानेवारीत 13,440 होते आणि आता 13,340, कुणीतरी शंभर खाल्ले."

ते शंभर कुणी खाल्ले नव्हते. महाराष्ट्रात प्रोफेशनल टॅक्स दहा हजाराच्या वर पगार असलेल्या पुरुषाला महिन्याला 200 असतो आणि फेब्रुवारीत 300, म्हणजे वर्षाचे 2,500 भरतात. (बायकांना 25,000 पर्यंत तो लागतच नाही, ज्यांच्या स्लिपवर लागलाय त्यांनी आधी तो बघा.) हे त्याला सांगितलं, चहा झाला, आणि सवयीनं मी खालची बेरीज करायला लागलो. जित्याची खोड म्हणा.

स्लिप अशी होती. डावीकडं बेसिक आणि डीए मिळून 11,000, घरभाडे 2,750, कन्व्हेयन्स 1,600, स्पेशल अलाउन्स 2,650, खाली ग्रॉस 18,000. उजवीकडं पीएफ 1,320, ईएसआय 135, प्रोफेशनल टॅक्स 300, उचल 1,000 (गड्ड्याच्या यात्रेआधी घेतलेली, ती तो फेडतोय), खाली एकूण कपात 2,755. आणि सगळ्यात खाली ठळक अक्षरात नेट पगार 13,340, अक्षरी सुद्धा लिहिलेला.

डावी बाजू जुळते, उजवी बाजू पण जुळते. पण 18,000 मधून 2,755 गेले तर 15,245 राहायला पाहिजेत ना. नेट लिहिलंय 13,340. मधले 1,905 रुपये कुठल्याच ओळीत नाहीत. गंमत म्हणजे पोरगा शंभरासाठी भांडायला तयार होता आणि हे त्याला दिसलंच नव्हतं, कारण लोक या महिन्याचं नेट मागच्या महिन्याच्या नेटशी लावून बघतात, वरच्या ग्रॉसशी कुणी लावतच नाही. दर महिन्याला तेवढेच कमी येत असतील तर फरक दिसणार कसा?

आता लगेच "चोरी चोरी" करायचं नसतं. दोन-चार रुपयांचा फरक असेल तर तो राउंडिंगचा, ईएसआय नेहमी वरच्या रुपयाला नेतात. मोठा फरक असला की आम्ही जुने लोक तो आकडाच तपासतो, कारण कधीकधी तो स्वतःच सांगतो की तो कुठून आला. फरकाला 9 नं पूर्ण भाग गेला तर बहुतेक आकडे उलटसुलट टाइप झालेत, म्हणजे 54 च्या जागी 45. फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम स्लिपवर कुठं असेल तर वजा करायची ती मिळवली किंवा मिळवायची ती वजा केली. 1,905 ला नऊनं भाग जात नाही, आणि निम्मे केले तर साडेनऊशेच्या वर अडीच रुपये येतात, तशी रक्कम स्लिपवर नाही. म्हणजे टायपिंगची चूक बहुतेक नाही.

पुतण्यानं ऑफिसात विचारलं तर पेमेंट बघणारा म्हणाला तीन खाडे धरलेत. ऐकायला पटण्यासारखं आहे बघा, कारण 18,000 ला फेब्रुवारीच्या 28 दिवसांनी भागलं तर दिवसाचे 643 होतात आणि तीन दिवसांचे 1,929, म्हणजे 1,905 च्या अगदी जवळ. बऱ्याच स्लिपमध्ये असं होतं पण, ग्रॉस पूर्ण महिन्याचा छापतात आणि नेट भरलेल्या दिवसांवर काढतात, त्यामुळे स्लिपवर रेट आणि अर्न्ड असे दोन वेगळे रकाने आहेत का ते आधी बघायचं. पण इथं ते उत्तर तीन ठिकाणी लंगडं पडतं. एक तर 24 रुपयांचा फरक उरतोच. दुसरं म्हणजे खाडे धरले असते तर बेसिक कमी झाला असता आणि पीएफ पण कमी कापला असता, इथं 11,000 चे 12 टक्के म्हणजे पूर्ण 1,320 कापलेत, ईएसआय पण पूर्ण 18,000 वर 0.75 टक्के म्हणजे 135. एकाच माणसाला पीएफसाठी पूर्ण हजर आणि पगारासाठी गैरहजर कसं धरता येईल? आणि तिसरं, मी जानेवारीची स्लिप काढायला लावली, ग्रॉस 18,000, कपात 2,655, नेट 13,440, फरक परत 1,905. जानेवारीला 31 दिवस, फेब्रुवारीला 28, खाड्याचा हिशेब असता तर दोन्ही महिन्यांत एकच आकडा आलाच नसता. त्यात पोराचे खाडे नव्हतेच, ते वेगळं.

प्रत्येक महिन्याला रुपयाला रुपया तोच फरक येतो म्हटल्यावर तो कुठल्यातरी ठरलेल्या टक्क्याचा असतो. मग मी मालकाचा हिस्सा काढून बघितला. पीएफमध्ये मालकाला पण 12 टक्केच भरावे लागतात, म्हणजे 1,320. ईएसआयमध्ये मालकाचे 3.25 टक्के, 18,000 वर 585. दोन्ही मिळवा, 1,905. बरोब्बर. म्हणजे कामगाराचा हिस्सा स्लिपवर दाखवून कापला आणि मालकाचा हिस्सा न दाखवता कापला. मालकाचा हिस्सा कामगाराच्या पगारातून घ्यायचा नाही हे ईएसआयच्या 1948 च्या आणि पीएफच्या 1952 च्या कायद्यापासून चालत आलंय, त्यात नवीन काही नाही.

पुतण्या म्हणाला, "पण काका, पीएफचं पासबुक मी बघितलंय, सगळं बरोबर भरलंय." हे तर नीट समजून घ्यायला पाहिजे. उमंग ॲपवर पासबुक उघडलं तर त्याचे 1,320 दिसतात, मालकाचे 404 आणि पेन्शनला 916, दोन्ही मिळून परत 1,320. एकदम बरोबर. पण पासबुक फक्त एवढंच सांगतं की पैसे भरले का, ते कुणाच्या खिशातून आले हे पासबुकाला माहीत नसतं. पैसे न भरणारा मालक पासबुकात सापडतो, कामगाराच्याच पैशातून आपला हिस्सा भरणारा तिथं सापडत नाही, तो सापडला तर स्लिपच्या शेवटच्या वजाबाकीतच सापडतो.

मग मीच गेलो त्याच्याबरोबर. पेमेंट बघणारा पोरगा भला होता, त्यानं एक्सेलची शीट दाखवली. एकूण कपातीच्या बेरजेत चारच कॉलम होते, पण नेट काढायच्या सूत्रात अजून दोन, आणि ते दोन हाइड केलेले, त्यामुळे प्रिंटमध्ये येत नव्हते. म्हणाला, "काका, ते सीटीसीत धरलंय, सगळीकडं असंच असतं." आता सीटीसी म्हणजे तो माणूस कंपनीला एकूण कितीला पडतो तो आकडा, त्यात मालकाचा हिस्सा धरतात हे खरं आहे, आणि काही ठिकाणी ग्रॉसच्या जागी चुकून सीटीसी छापतात हे पण मी बघितलंय. पण ते ओळखायला सोपं असतं. तसं असेल तर डावीकडच्या ओळींची बेरीज वर छापलेल्या आकड्यापेक्षा कमी येते, कारण मालकाचा हिस्सा कामगाराच्या कमाईच्या ओळीत नसतो. इथं ओळींची बेरीज पूर्ण 18,000 येत होती, आणि अपॉइंटमेंट लेटरवर स्वच्छ लिहिलंय, मासिक ग्रॉस वेतन 18,000. सीटीसी हा शब्दच त्यात कुठं नाही.

ऑगस्ट ते फेब्रुवारी सात महिने, एकही खाडा नाही, 1,905 प्रमाणे 13,335 रुपये झाले. फेब्रुवारीत हातात आलेल्या पगारापेक्षा फक्त पाच रुपये कमी, म्हणजे सात महिन्यांत एक महिना फुकट काम केल्यासारखं झालं. आणि ती शीट एकट्या पुतण्याची नव्हती, खाली बऱ्याच ओळी होत्या, म्हातारपणी चष्मा लावून मी किती मोजणार.

आता खरी गंमत पुढं आहे आणि त्यासाठीच हे पत्र लिहितोय. आम्ही जाऊन आलो आणि मार्चची स्लिप आली ती पै ना पै जुळणारी. स्पेशल अलाउन्स 2,650 वरून 745 वर आणला, ग्रॉस 16,095 केला, आणि 18,000 च्या वर आता सीटीसी असं लिहिलंय. पीएफ 1,320, ईएसआय 121, टॅक्स 200, उचल 1,000, नेट 13,454. कॅल्क्युलेटर घेऊन बसलात तरी चूक सापडणार नाही. तेव्हा नुसती स्लिप आतल्या आत जुळली म्हणून समाधान मानू नका, ती अपॉइंटमेंट लेटरवरच्या आकड्याला जुळते का ते बघा, आणि ज्यांना लेटरच दिलेलं नाही त्यांनी निदान पहिल्या महिन्यापासूनच्या स्लिप मोबाईलमधून डिलीट करू नका, कारण जुनी स्लिपच सांगणार की ग्रॉस आधी किती होता. नशीब आमच्या पोराकडं दोन्ही होतं.

लेटर, सातही स्लिपा आणि बँकेचं स्टेटमेंट जोडून सहाय्यक कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज दिलाय, मालकाच्या हिश्श्यापुरती तक्रार पीएफच्या EPFiGMS साइटवर पण टाकलीय. तारीख अजून लागायचीय. जानेवारीत आणि मार्चमध्ये टॅक्स सारखाच, उचल सारखीच, तेव्हा पुतण्यानं दोन्ही नेट शेजारी ठेवून बघितले आणि मला म्हणाला, "काका, आपण एवढं भांडून चौदा रुपये वाढवून आणले की."

आपला,
एक निवृत्त हिशेबनीस, सोलापूर