दुकान सांभाळताना: त्या मुलाच्या गेमबद्दल

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

मी लग्नाला गेलो की दुकान तुझ्यावर. काउंटरमागचा ऑप्टिप्लेक्स 9020 विचारत एक आठवीतला मुलगा येईल. मागच्या आठवड्यात एकटाच आला होता, पैसे मोजून. त्याला फोर्झा होरायझन 5 खेळायचाय. "काका, हा चालवेल ना?" एवढंच विचारत होता.

मी मशीन सुरू करून dxdiag टाइप केलं आणि त्याला डिस्प्लेचं पान दाखवलं. चार जीबीच्या आसपासचा आकडा दिसताच तो उडालाच, "गेमला चारच लागतात!" तो एकूण आकडा होता. खाली Display Memory (VRAM) समोर 128 MB लिहिलंय, बाकीची सगळी रॅममधून उसनी घेतलेली. जुनी मशिनं विकणारे हाच आकडा दाखवून "फोर जीबी ग्राफिक्स" म्हणतात. तू तसं म्हणू नकोस.

या गेमला किमान जीटीएक्स 970 च्या तोडीचं कार्ड लागतं, स्वतःच्या चार जीबीचं. आपल्या मशीनमध्ये प्रोसेसरमधलंच ग्राफिक्स आहे. गेम एकतर उघडणारच नाही, उघडला तरी गाडी झटके खात जाईल. तसं त्याला स्पष्ट सांगितलं. बिचाऱ्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "मग 970 टाकून द्या."

तिथेच खरी मेख आहे. झाकण काढून दाखवलं. हा लहान डबा, पॉवर सप्लाय 255 वॅटचा, आणि त्यातून कार्डासाठी वेगळी वायरच निघत नाही. 970 एकटंच 145 वॅट खातं. शिवाय ते पूर्ण उंचीचं, झाकणच लागणार नाही. स्लॉटमधून 75 वॅट मिळतात, त्यात भागेल असंच कार्ड बसतं. म्हणजे लो-प्रोफाइल जीटीएक्स 1650, चार जीबीचं. ते 970 पेक्षा थोडं कमीच, पण सेटिंग खाली ठेवलं तर गेम चालेल. मोठ्या शर्यतीत अडखळेल, कारण आयफाइव्ह 4570 सुद्धा किमान यादीच्या काठावरच आहे. आणि गेमला 110 जीबी जागा लागते. आपली एसएसडी 256 ची आहे, म्हणजे दुसरा मोठा गेम जेमतेम मावेल.

त्याला म्हटलं, अभ्यासाला आणि जुन्या गेमला हे मशीन उत्तम आहे. पण फक्त फोर्झासाठी घेणार असशील तर कार्डाचे पैसे जमेपर्यंत थांब. पैसे परत दिले आणि बाबांना घेऊन ये म्हणून सांगितलं. गिऱ्हाईक गेलं म्हणून तुझी आई जरा कुरकुरली, पण आठ दिवसांनी मशीन परत आणून तो समोर उभा राहिला असता, त्यापेक्षा हे बरं.

ते दोघं आले तर हेच सांग. कार्ड त्यांनी बाहेरून आणलं तर बसवण्याआधी दोन गोष्टी बघ: कार्डावर वेगळ्या वायरचं सॉकेट नाही ना, आणि मागची पट्टी अर्ध्या उंचीची आहे ना. बऱ्याचदा कार्डाला मोठी पट्टीच लावलेली असते आणि छोटी खोक्यातच राहून जाते. खोकं नसेल तर त्यांना परत पाठव, पट्टी वाकवून बसवायला जाऊ नकोस.

तुझा,
बाबा