ताईंना लिहिलेली चिठ्ठी

ती. आई-बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर नात नीट बोलली नाही म्हणून आई काळजीत पडलीस. झालं ते असं. गुरुवारी धाकट्याला १०१ ताप होता, मला यायला उशीर झाला आणि शेजारच्या काकू गावाला गेलेल्या. पोर त्याच्या कपाळावर घड्या ठेवत बसली आणि तिचा पाचचा गाण्याचा क्लास बुडाला. तापातल्या भावाला एकटं सोडलं नाही याबद्दल कुणीच तिला बोललं नाही, ताईही नाहीत. तिला लागलं ते दुसरंच. त्या दिवशी ताईंनी मुद्दाम तबल्याला साथीदार बोलावले होते आणि सगळे तिच्यासाठी पंधरा मिनिटं खोळंबले, हे तिला मैत्रिणीकडून कळलं. घरात फोन होता, पण ‘ताई शिकवत असतील’ म्हणून तिने केला नाही.

माफीची चिठ्ठी लिहायचं तिनेच ठरवलं. पहिला मजकूर दोन पानांचा झाला. त्यातलं दीड पान नुसता ताप, औषध आणि ‘आईला उशीर झाला’. वाचणाऱ्याला वाटावं, चूक माझी आणि बाळाची, हिची काहीच नाही. शेवटी लिहिलं होतं, ‘पुन्हा कधीच क्लास चुकवणार नाही’. मी तिला एवढंच विचारलं, की तो पुन्हा आजारी पडला तर? बराच वेळ पेन तोंडात धरून बसली, मग ते वाक्य स्वतःच खोडलं. दुसऱ्या खेपेला उतरलं ते असं:

‘ती. ताईंना सा. नमस्कार. गुरुवारी मी क्लासला आले नाही आणि तसं कळवलंही नाही. भावाला ताप होता व घरी मोठं कुणी नव्हतं, म्हणून थांबले. पण पाचच्या आधी फोन करता आला असता, तो मी केला नाही. तबल्याचे काका आणि बाकी सगळे माझ्यामुळे थांबून राहिले, त्याबद्दल मला माफ करा. यापुढे जमणार नसेल तर चारच्या आत फोन करीन. त्या दिवशीची तान मैत्रिणीच्या वहीतून उतरवून घेतली आहे. म्हणते आहे, पण मुखड्याला लवकर येते. मंगळवारी दहा मिनिटं आधी येऊ का?’

मला शेवटची तीन वाक्यं सगळ्यांत आवडली. बुडालेलं शिकायला ती लागली आहे आणि कुठे अडलंय तेही तिला कळलंय, हे ताईंना त्यातून दिसतं.

बाबा, ते अडलेलं तुमच्यासाठी नीट लिहिते. भूपातली तीनतालातली बंदिश आहे, मुखडा नवव्या मात्रेवरून, म्हणजे खालीपासून उठतो. तान समेवरून सुरू होते, दुगुनीत आठ मात्रांची:

सारे गप धसां धप | गप धप गरे सा–

मात्रेला दोन, म्हणजे सोळा जागा, पण स्वर पंधराच. सोळावी जागा म्हणजे शेवटच्या सा पुढची ती आडवी रेघ, तिथे सा धरून ठेवायचा. वहीतून उतरवताना हिने रेघ गाळली. त्यामुळे सा म्हटला की लगेच मुखडा उचलायची आणि अर्धी मात्रा आधी यायची. एकटीने म्हणताना ते कळतच नाही, कारण हातावरचा तालही गाण्याबरोबर पुढे सरकतो. दुसऱ्याने ठेका धरला की मुखड्याचं पहिलं अक्षर खालीच्या आधी पडतं आणि तिचं तिलाच ऐकू येतं.

मंगळवारी चिठ्ठी तिने स्वतः हातात दिली, इतर मुली यायच्या आधी. फोनवर पाठवू का म्हणत होती, पण ताईंसमोर उभं राहून देणंच बरं वाटलं मला. ताईंनी वाचली, घडी करून पेटीवर ठेवली आणि म्हणाल्या, ‘बस, तान म्हण’. पुन्हा लवकर आली. मग त्यांनी तिला स्वर न गाता नुसते बोलायला लावले आणि शेवटी ‘साऽ’ लांबवून टाळीऐवजी हात बाजूला टाकायला सांगितलं. चौथ्या वेळी बरोबर नवव्या मात्रेवर आली.

लय वाढवली की मात्र अजून सुटते. तेव्हा रविवारी फोनवर तुम्ही ठेका धराल का? सावकाशच धरा, आणि मात्रा मोजून सांगू नका, तिची तिला सापडू दे. आई, धाकट्याचा ताप शनिवारीच उतरला, जेवतोही आहे.

तुमची,
थोरली