थायरॉइडची गोळी आणि सकाळची कॉफी

महोदय,
थायरॉइडची गोळी (लेव्होथायरॉक्सिन) अनेक ज्येष्ठ नागरिक सकाळच्या कॉफीसोबतच घेतात. कॉफीमुळे ही गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. तपासणीत टीएसएच वाढलेला, म्हणजे थायरॉइड कमी पडत असल्याचे दिसते आणि डोस वाढवला जातो. पुढे कधी कॉफी सुटली, की तोच डोस जास्त होऊन छातीत धडधड आणि हातांना कंप सुरू होतो. म्हणून गोळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि कॉफी तासाभराने प्यावी. डोस बदलण्यापूर्वी डॉक्टरांना ही सवय आवर्जून सांगावी. ते विचारतीलच असे नाही.

दुसरा प्रश्न संध्याकाळच्या कपाचा. कॅफीनचे प्रमाण शरीरात निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर आणखी जास्त. पाच वाजताच्या कॉफीने झोप सावध राहते, लघवीला उठावे लागते. त्यात झोपेची किंवा रक्तदाबाची गोळी घेतलेली असेल, तर अंधारात उठताच तोल जातो. दुपारी बारापूर्वी दोन लहान कप बहुतेकांना पुरेत. जास्त पिणाऱ्यांनी एकदम बंद करू नये, डोके दुखते. दर तीन-चार दिवसांनी अर्धा कप कमी करावा.

— एक फार्मासिस्ट, सातारा