‘भीती निर्देशांक’ दिशा सांगत नाही

इंडिया व्हीआयएक्स हा ‘भीती निर्देशांक’ चढला की ‘बाजार कोसळणार’ असे मथळे येतात आणि नवखे गुंतवणूकदार घाबरून एसआयपी बंद करतात. हे पाहून वाईट वाटते, म्हणून हे पत्र.

हा निर्देशांक शेअरच्या भावांतून नव्हे, तर निफ्टीच्या ऑप्शन्सच्या, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदी-विक्रीचा हक्क देणाऱ्या करारांच्या, भावांतून काढला जातो. पुट, म्हणजे विक्रीचा हक्क, हा घसरणीविरुद्धचा विमा; कॉल म्हणजे खरेदीचा हक्क. धास्ती वाढली की विमा घेणारे वाढतात, विकणारे जास्त प्रीमियम मागतात आणि आकडा चढतो. मुख्यतः चालू भावापासून दूरचे पुट आणि कॉल, दोन्ही हिशेबात धरले जातात. म्हणून तो हालचाल किती होईल एवढेच सांगतो, कोणत्या बाजूला ते नाही.

समजा आकडा २४ आहे. ही टक्केवारी वर्षाची असते. महिन्याची हवी तर तिला १२ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे ३.४६ ने भागायचे. येतात साधारण ७ टक्के. म्हणजे पुढच्या ३० दिवसांत निफ्टी ७ टक्के वर किंवा खाली, या पट्ट्यात राहण्याची शक्यता बाजार साधारण दोन-तृतीयांश धरतो.

मे २०२४ मध्ये लोकसभा निकालाच्या धाकाने हा आकडा दुपटीहून अधिक चढला, पण निफ्टी तेव्हा उच्चांकाजवळच होता. ४ जूनला निफ्टी जवळपास ६ टक्के पडला, पण अनिश्चितता संपताच दुसऱ्या दिवशी आकडा झपाट्याने उतरला. मार्च २०२० मध्ये तो ८० च्या वर गेला, नेमका निफ्टीच्या तळाच्या सुमारास. तेव्हा घाबरून विकणाऱ्यांनी सर्वांत वाईट भाव घेतला.

– एक वाचक, ठाणे