गृहमंत्री साहेब, मेडिकल माझ्या भाचीचं कशाला?

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात भाचीला घेऊन पोलीस ठाण्यात गेले होते. आम्ही कंजारभाट. लग्नाच्या रात्री पांढऱ्या चादरीवर डाग पडला नाही म्हणून पंचांनी तिला 'खोटी' ठरवलं, तिच्या बापाला दंड ठोकला आणि दंड भरेपर्यंत जातीत बोलवायचं नाही असं फर्मान काढलं. ठाण्यातल्या साहेबांनी शांतपणे ऐकलं, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, एकदा मुलीचं मेडिकल करून घ्या ना, पंचांची तोंडं बंद होतील."

फेब्रुवारी २०१९ मध्ये तुमच्याच खात्याच्या राज्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं की कौमार्य चाचणी हा लैंगिक अत्याचार समजला जाईल. ते मी सांगितलं. "घोषणेवर गुन्हा दाखल होत नाही, कलम सांगा." मग सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा, २०१६ सांगितला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. साहेबांनी तो लिहून घेतला! कायदा मी शिकवायचा आणि पगार त्यांनी घ्यायचा, चांगली वाटणी आहे.

मी सरकारी दवाखान्यात प्रसूती विभागात नर्स आहे, म्हणून मेडिकलचंही सांगते. योनीमुखाशी कातडीची एक पातळ घडी असते. ती दार बंद करून बसलेली नसते. कुणाची गोल कडीसारखी, कुणाची अर्धचंद्राकृती, कुणाची अगदी नावापुरती. पूर्ण बंद क्वचितच असते, आणि अशी मुलगी तेराव्या-चौदाव्या वर्षी पोटदुखीने आमच्याकडेच येते. पाळी आत साठलेली असते, चीर देऊन ती मोकळी करावी लागते. म्हणजे जिला पाळी येते तिची वाट आधीपासूनच उघडी असते. वयात आल्यावर ही घडी जाड आणि लवचिक होते, वेणीच्या रबरासारखी ताणली जाते आणि जागेवर येते. २००४ साली अमेरिकेत डॉक्टरांनी ३६ गरोदर किशोरवयीन मुली तपासल्या. संबंध झालाय हे ठामपणे सांगता येईल अशी खूण फक्त दोघींत दिसली. पोटात मूल असून! मग माझ्या भाचीत कोणता डॉक्टर काय शोधणार?

आणि रक्त? लंडनच्या एका डॉक्टरबाईंनी १९९८ मध्ये ओळखीतल्या एकेचाळीस बायकांना विचारलं, तर ६३ टक्के बायकांना पहिल्या वेळी रक्त आलंच नव्हतं. छोटी पाहणी आहे, मान्य. पण पंचांनी एवढीही केलेली नाही. रक्त येतं ते कोरडेपणाने, घाईने, जबरदस्तीने, कधी जंतुसंसर्गाने, आणि पुष्कळदा त्या घडीतून नव्हे तर योनीच्या भिंतीला पडलेल्या चिरेतून. जास्त आलं तर जखम खोल असते, टाके घालावे लागतात. ज्या चादरीवर पंच खूश होतात ती बघून आम्ही ऑपरेशन थिएटर उघडायला सांगतो.

माझीही चादर तपासली होती, साहेब. लॉजची खोली. बायकांनी माझ्या केसातल्या पिना काढल्या, बांगड्या उतरवल्या, कुठे टोचून रक्त काढेन म्हणून अंग चाचपलं. बाहेर पंच बसलेले. भीतीने माझं अंग कोरडं पडलेलं, नवऱ्याला वेळेत 'निकाल' द्यायचा होता. फाटलं. डाग पडला. "माल खरा" असं सगळ्यांसमोर तीनदा वदवून घेतलं आणि टाळ्या झाल्या. पुढे कित्येक दिवस लघवीला बसताना मी तोंडात पदर कोंबत होते. त्याचं कुठलं मेडिकल झालं नाही.

भाचीचा नवरा सांगतो, मी घाई केली नाही, ती घाबरली तेव्हा थांबलो. समजूतदार नवरा मिळाल्याची शिक्षा तिला झाली. माझ्या नवऱ्यासारखा असता तर आज ती 'खरी' असती.

आणि एकट्या पंचांनाच काय बोलायचं? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितलं की अत्याचारित बाईची योनीत दोन बोटं घालून चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. तरी २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने हीच कौमार्याची लक्षणं एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात परत घुसडली, ओरड झाल्यावर काही दिवसांत मागे घेतली. दिल्लीतल्या शिकलेल्या डॉक्टरांची ही कथा, तर आमच्या पंचांनी चादर का सोडावी? ते निदान कोट घालून बसत नाहीत. निवडणुकीला मात्र तुमचे उमेदवार त्याच पंचांच्या ओसरीवर चहा पितात, कारण एक पंच म्हणजे गठ्ठा मतं.

मागणं थोडंच आहे. चादरीची तक्रार आली की गुन्हा पंचांवर लिहायचा आणि मुलीला तपासणीला पाठवायचं नाही, असा लेखी आदेश प्रत्येक ठाण्याच्या भिंतीवर लावा. पत्राला 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल' असं छापील उत्तर पाठवू नका, ते माझ्याकडे आधीच आहे.

आपली,
एक 'खरी' ठरलेली कंजारभाट नर्स
(नाव ठाण्यातल्या अर्जावर आहे. अर्ज सापडला तर.)