लाकूडतोड्या आणि झोपलेली देवी

प्रिय मित्रा,

पत्राला उशीर झाला, कारण मी त्या लाकूडतोड्याच्या कुऱ्हाडीपायी अगदी रडकुंडीला आलो होतो. चार वर्षांच्या मुलांसाठी यमकातली ॲनिमेशन फिल्म लिहायची होती. गोष्ट जन्मापासून पाठ, म्हटलं दोन दिवसांत मोकळा होईन.

पहिला खर्डा एका चिमुरडीला वाचून दाखवला. देवी सोन्याची कुऱ्हाड घेऊन वर आली, "ही तुझी का?" असं तिनं विचारलं, आणि बाईसाहेब म्हणाल्या, "तिला माहितीय की!" खरंच की रे. देवीला सगळं ठाऊक असेल तर खरं बोलण्यात कसलं आलंय मोठेपण? आपल्याला माहीत असलेलं दुसऱ्याला माहीत नसतं, हे या वयात नुकतं कुठे उमगायला लागलेलं असतं. म्हणून ते डोळ्यांना दिसायला हवं. आता कुऱ्हाड बुडते तेव्हा देवी तळाशी पाठ करून घोरत असते. एका शॉटनं काम झालं.

मग ठेका. ओळीला सोळा मात्रा, आठ-आठच्या दोन टाळ्या:

चकचक चकचक सोनसळी ही,
छानच आहे, माझी नाही!

चांदीच्या वेळी फक्त "चमचम चमचम चंदेरी ही" एवढाच बदल, म्हणजे दुसरी ओळ मुलं आपणहून म्हणतात. त्याआधी दोन सेकंद शांतता ठेवली आहे, पंचवीसच्या हिशेबानं पन्नास फ्रेम. लाकूडतोड्या सोन्याकडे बघतो, हात किंचित पुढे जातो, मागे येतो. मोह दाखवलाच नाही तर "नाही" म्हणण्याला वजन कुठलं?

तिसऱ्या कुऱ्हाडीला मी "हीच हरवली, माझी ना ही!" असं लिहिलं होतं. मात्रा चोख, कागदावर झकास. मोठ्यानं म्हणून बघ! कानाला चक्क "माझी नाही" ऐकू येतं. चिमुरडी गोंधळली, मी कपाळाला हात लावला. आता असं आहे:

स्वारी झाली राजी राजी,
हीच हीच ती! माझी, माझी!

लोभी शेजारी मात्र मी काढून टाकला. निर्माते कुरकुरले, पण २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तीन ते सात वर्षांच्या मुलांना गोष्टी सांगून पाहिल्या होत्या. खोटं बोलल्याची शिक्षा दाखवणाऱ्या गोष्टींनी फरक पडला नाही, खरं बोलल्याचं कौतुक असलेल्या गोष्टीनं पडला. म्हणून शेवटी देवी आधी म्हणते, "खरं बोललास, मला फार आवडलं." सोन्याची कुऱ्हाड त्यानंतर, तीही जाता जाता. पोरांना तसंही सोन्याचं काय? पिवळी, एवढंच.

आधी आवाज, मग त्यावर चित्रं, असं काम चालतं. सगळे आवाज झाले, देवीचं घोरणं राहिलंय. वसतिगृहात तीन वर्षं ज्याच्या शेजारच्या खाटेवर झोपलो, त्याचीच आठवण आली. झोपताना फोन उशाशी चालू ठेव आणि रेकॉर्डिंग पाठव. वहिनींना सांगू नकोस कशासाठी ते.

तुझाच,
बाळू