पानभर सारांश आणि त्यातला टक्क्यांचा रकाना: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी.च्या मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर संशोधन प्रकल्प पदवीच्या वर्गापर्यंत आला, त्याचा मला आनंदच आहे. प्रकल्पाला परवानगी आणि चार पैसे मिळावेत म्हणून मुलांना आधी एक पानाचा सारांश लिहून द्यावा लागतो. आमच्याकडे जो नमुना येतो, त्यात एक रकाना असतो : ‘अपेक्षित फलनिष्पत्ती (टक्केवारीत)’. हे पत्र त्या रकान्याविषयी आहे.

आमच्याकडे दरवर्षी निदान चार मुलं एकच विषय घेऊन येतात : शेतातल्या टाकाऊ मालापासून भुकटी करायची आणि तिने सांडपाण्यातला रंग शोषून घ्यायचा. विषय चांगला आहे. सोलापूर टॉवेल-चादरींचं गाव, म्हणजे रंगाचं पाणी आहे. जिल्ह्यात तूर आहे, म्हणजे तुराट्या आहेत. गेल्या वर्षी तिसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी हाच विषय घेऊन आली. तिच्या पहिल्या सारांशात लिहिलं होतं, ‘तुराटीच्या भुकटीने मिथिलीन ब्लू या रंगाचे 96 टक्के निर्मूलन अपेक्षित.’ प्रयोगाला अजून हात लागला नव्हता.

मी विचारलं, “96च का गं?”

“सर, सगळ्यांचं पंच्याण्णवच्या पुढेच असतं.”

तिचं चुकलं नव्हतं. सगळ्यांचं खरंच पंच्याण्णवच्या पुढे येतं आणि ते का येतं, हे आपल्या समित्यांनी एकदा समजून घ्यायला हवं.

पहिलं कारण रंगाची निवड. मिथिलीन ब्लू पाण्यात विरघळला की त्याच्या रेणूवर धनभार असतो. तुराटी, भाताचं तूस, शेंगांची टरफलं, कशाचीही भुकटी घ्या, साध्या पाण्यात तिचा पृष्ठभाग बहुधा ऋणभारित असतो. त्यामुळे निळा रंग तिला आपोआप चिकटतो. सुती सुतासाठी मात्र प्रामुख्याने रिॲक्टिव्ह, म्हणजे धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे रंग वापरतात. त्यांच्या रेणूवर सल्फोनेट गट असतात, म्हणजे भार ऋण. सारखे भार एकमेकांना ढकलतात. मिथिलीन ब्लूला 96 टक्के धरणारी तीच भुकटी रिॲक्टिव्ह काळ्या रंगात टाकली की पाणी जवळपास तसंच काळं राहतं. आमच्या प्रयोगशाळेत दोन चंचुपात्रं शेजारी ठेवून मी हे मुलांना दाखवतो. त्यांचे चेहरे पाहण्यासारखे असतात.

दुसरं कारण टक्केवारी हेच. समजा, लिटरला 50 मिलिग्रॅम रंग असलेलं 50 मिलिलिटर पाणी घेतलं. म्हणजे एकूण अडीच मिलिग्रॅम रंग. त्यात अर्धा ग्रॅम भुकटी टाकली आणि 96 टक्के रंग गेला, तर भुकटीने 2.4 मिलिग्रॅम रंग धरला. एका ग्रॅममागे 4.8 मिलिग्रॅम. आता भुकटी दहापट कमी करा, 0.05 ग्रॅम. या वेळी समजा फक्त 60 टक्के रंग गेला. पण धरलेला दीड मिलिग्रॅम रंग इतक्याशा भुकटीने धरला, म्हणजे ग्रॅममागे 30 मिलिग्रॅम. टक्केवारीच्या रकान्यात पहिला प्रयोग जिंकतो. भुकटीची खरी ताकद मात्र दुसऱ्याने दाखवली. भुकटी वाढवत नेली की टक्के वाढतातच, आणि मुलांना ही वाट पहिल्याच आठवड्यात सापडते.

हाच पहिला प्रयोग कारखान्यावर नेऊन पाहा. लिटरला 10 ग्रॅम भुकटी म्हणजे दिवसाला 10,000 लिटर पाणी सोडणाऱ्या छोट्या युनिटला रोज 100 किलो भुकटी लागणार. संध्याकाळी तीच भुकटी रंग आणि पाणी पिऊन ओल्या गाळाच्या रूपात दारात पडणार. तो गाळ कुठे टाकायचा, हे सारांशाच्या नमुन्यात कुणी विचारतच नाही.

तिने प्रयोग सुरू केल्यावर तिसरी गोष्ट निघाली. भुकटी गाळून घेण्यासाठी ती नेहमीचा फिल्टर पेपर वापरत होती. मी तिला भुकटी न टाकता नुसतं निळं पाणी त्याच कागदातून गाळायला सांगितलं. कागद निळा झाला आणि गाळलेल्या पाण्यातल्या रंगाचं रीडिंग जवळजवळ पाचव्या हिश्शाने उतरलं! कागदही सेल्युलोजचाच, तोही रंग धरतो. म्हणजे आजवरच्या ‘तुराटीच्या’ श्रेयात कागदाचाही वाटा होता. त्या दिवसापासून आम्ही गाळण्याऐवजी सेंट्रिफ्यूज, म्हणजे बाटली गरगर फिरवून भुकटी तळाशी बसवणारं यंत्र, वापरतो आणि प्रत्येक खेपेला बिनभुकटीची एक बाटली सोबत हलवतो. उलट बाजूची बाटलीही ठेवतो : साधं ऊर्ध्वपातित पाणी आणि त्यात भुकटी. कच्च्या तुराटीचं पाणी तासाभरात चहासारखं तांबूस होतं. आपण एक रंग काढतो आणि दुसरा घालतो, हे त्या बाटलीशिवाय कळत नाही. तुलनेच्या या दोन बाटल्यांना आम्ही कोऱ्या बाटल्या म्हणतो.

एवढं झाल्यावर तिने सारांश पुन्हा लिहिला. तो इथे देतो, कारण माझी मागणी त्यातूनच निघते.

‘तुराटीच्या कोळशाने रिॲक्टिव्ह रंगाचे पाणी किती स्वच्छ होते? सुती रंगकामात रिॲक्टिव्ह रंगाचा काही भाग धाग्याला न लागता पाण्यात जातो. तो क्षारयुक्त आणि अल्कधर्मी पाण्यात, विघटित रूपात असतो. म्हणून रिॲक्टिव्ह ब्लॅक 5 हा रंग आधी सोड्याच्या पाण्यात तापवून विघटित करून घेऊ आणि मगच वापरू. तुराट्या धुऊन, वाळवून, दळून चाळू; फॉस्फोरिक आम्लात भिजवून भट्टीत सुमारे 500 अंश सेल्सिअसला कोळसा करू आणि धुण्याचे पाणी उदासीन होईपर्यंत धुऊ. कच्ची भुकटी आणि कोळसा यांची तुलना करू. भुकटीचे प्रमाण, वेळ, सामू आणि मीठ हे चार घटक एकेक करून बदलू. प्रत्येक प्रयोग तीनदा करू, सोबत दोन कोऱ्या बाटल्या ठेवू. उत्तर ग्रॅममागे मिलिग्रॅममध्ये देऊ. शेवटी एका युनिटच्या खऱ्या सांडपाण्यावर एकच प्रयोग करू. कच्ची भुकटी हा रंग फारसा धरणार नाही असा अंदाज आहे. कोळसा आम्लधर्मी पाण्यात धरेल, पण खऱ्या पाण्यात किती, ते आज सांगता येत नाही. वापरलेला कोळसा सोड्याच्या पाण्याने धुऊन किती वेळा वापरता येतो, ते पाहू.’

मला विचाराल तर इतका नेटका सारांश मी एम.एस्सी.लाही क्वचित पाहिला आहे. तो परत आला. शेरा होता, ‘फलनिष्पत्ती अस्पष्ट, टक्केवारी नमूद करावी.’ त्याच फेरीत मिथिलीन ब्लूचे दोन सारांश मंजूर झाले. कोणत्या समितीने हे केलं, ते सांगण्यात मला रस नाही. समितीने नमुन्याप्रमाणेच काम केलं.

प्रकल्प आम्ही बिनपैशाचा केला. अंदाज बरोबर निघाला : कच्च्या तुराटीने रिॲक्टिव्ह काळा जवळपास धरलाच नाही, कोळशाने सामू 2ला, म्हणजे तीव्र आम्लधर्मी पाण्यात, छान धरला. आणि मग खरी अडचण आली. रंगकामाचं पाणी येतं सामू 10च्या आसपास, ते 2वर आणायला आम्ल लागतं. आम्ल ओतलं की पाणी सोडा वॉटरसारखं फसफसतं, कारण त्यात धुण्याचा सोडा असतो आणि तो आम्ल खात राहतो. लिटरमागे फक्त 1 ग्रॅम सोडा धरला तरी तो मोडायलाच लिटरमागे साधारण 0.9 ग्रॅम सल्फ्युरिक आम्ल जातं. 10,000 लिटरला 9 किलो. त्यापुढे सामू 2पर्यंत उतरवायला आणखी आम्ल, आणि बाहेर सोडताना सामू पुन्हा उदासीनाजवळ हवा म्हणून परत अल्कली. तिने हा हिशेब वहीत मांडला आणि खाली लिहिलं, ‘या अवस्थेत परवडणार नाही.’ माझ्या मते त्या वर्षातलं आमच्या विभागातलं सर्वांत उपयोगी वाक्य तेच. टक्क्यांच्या रकान्यात ते कुठे बसवायचं?

‘टाकाऊ’ या शब्दाचंही तसंच. तुराट्या फुकट मिळतील असं तिने धरलं होतं. तिच्या आजीने सांगितलं, तुराट्या चुलीला लागतात, छपराला लागतात, कुणाला सहज देत नाही. कडबा जनावरांचा, उसाचं चिपाड कारखान्याच्या बॉयलरचं. खरोखर टाकाऊ काय आहे, हे गावागणिक विचारावं लागतं आणि ते विचारणं हाही संशोधनाचाच भाग आहे.

खरं सांडपाणी मिळवताना तिला तीन ठिकाणी नकार मिळाला. एक मालक चहा पाजून म्हणाले, “पोरी, बाटली तू नेणार आणि नोटीस मला येणार.” चौथ्याने नाव न लिहिण्याच्या अटीवर दोन लिटर दिलं.

तेव्हा मागणी एवढीच आहे. सारांशाच्या नमुन्यातून टक्केवारीचा रकाना काढावा. त्याजागी विचारावं की कोणता रंग, तो तिथल्या रंगकामात खरंच वापरतात का, तुलनेसाठी कोऱ्या बाटल्या कोणत्या आणि वापरलेल्या भुकटीचं काय करणार. ‘चालले नाही’ असा निष्कर्षही गुणांसाठी ग्राह्य धरावा. आणि पर्यावरण विभागाशी बोलून एक परिपत्रक काढावं, की विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी नेलेला सांडपाण्याचा नमुना कारवाईसाठी वापरला जाणार नाही. असं पत्र हातात असेल तर सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्रातूनही मुलांना चार बाटल्या मिळतील.

तिची वही माझ्या कपाटात आहे. हवी असेल तर छायाप्रत पाठवतो. काही पानांवर निळे-काळे डाग आहेत, तेवढे चालवून घ्यावेत.

आपला,
रसायनशास्त्राचा एक शिक्षक,
जि. सोलापूर